नवे ग्राफिक्स कार्ड बसवूनही फ्रेमरेट वाढत नाही, तेव्हा कोण कोणासाठी थांबले आहे ते कसे ओळखावे

तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. जुन्या संगणकात दुप्पट किंवा तिप्पट ताकदीचे ग्राफिक्स कार्ड बसवले जाते, ड्रायव्हर नव्याने घातला जातो, खेळ सुरू होतो आणि फ्रेमरेट जेमतेम दहा-पंधरा फ्रेमनी वाढलेला दिसतो. कोपऱ्यातील आकड्यांत कार्डाचा वापर पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या वर जात नाही. मग कार्डच सदोष असल्याचा संशय येतो. माझ्या भाच्याचा फोन नेमका असाच आला होता: "मामा, कार्ड खराब निघालं वाटतं, अर्धंच चालतंय." कार्ड उत्तम होते. त्याच्यापर्यंत पुरेसे काम पोहोचत नव्हते, एवढीच अडचण होती. हे आम्ही कसे तपासले, याचा तपशील पुढे देत आहे, कारण तपासण्याची पद्धत कोणत्याही जोडीला तशीच लागू पडते.

त्याच्या संगणकात इंटेलचा कोअर आय५-९४००एफ हा २०१९ मधील सहा कोअरचा प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड आणि १६ जीबीची एकच डीडीआर४ रॅमपट्टी होती. पूर्वीचे जीटीएक्स १६५० काढून त्या जागी त्याने आरटीएक्स ४०६० बसवले होते. मॉनिटर १०८० रेषांचा आणि १४४ हर्ट्झचा होता. खेळ होता सायबरपंक २०७७, आणि त्यातील गर्दीच्या बाजारात, हाय सेटिंगवर, फ्रेमरेट ५७ च्या आसपास अडकत होता.

एका फ्रेमचे काम दोघांत कसे वाटले जाते

पडद्यावर दिसणारी प्रत्येक फ्रेम दोन हातांखालून जाते. आधी प्रोसेसर त्या क्षणी जगात काय चालले आहे ते ठरवतो: कोणता माणूस कुठे चालला, कोणती गाडी वळली, गोळी कशाला लागली, यांतील काय काय पडद्यावर दिसणार आहे. त्यावरून तो काय काढायचे याची यादी तयार करून कार्डाकडे सोपवतो. कार्ड त्या यादीप्रमाणे प्रत्यक्ष चित्र रंगवते. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या यादीला लागलेला असतो. त्यामुळे दोघांच्या वेळांची बेरीज होत नाही; जो जास्त वेळ घेतो, त्याच्या गतीने सगळे चालते. घरात एक जण पोळ्या लाटतो आणि दुसरा तव्यावर भाजतो, तसे हे आहे. लाटणारा सावकाश असेल तर गॅस कितीही मोठा केला तरी तवा मधूनमधून रिकामाच राहणार.

हे मिलिसेकंदांत मांडले की धूसरपणा उरत नाही. ५७ फ्रेम प्रति सेकंद म्हणजे एका फ्रेमला सुमारे १७.५ मिलिसेकंद. त्यांपैकी कार्ड प्रत्यक्ष रंगवण्यात ९.५ मिलिसेकंद घालवत असेल, तर उरलेले ८ मिलिसेकंद ते पुढच्या यादीची वाट पाहत बसलेले असते. ९.५ भागिले १७.५ म्हणजे साधारण ५४ टक्के. भाच्याला दिसणारा 'अर्धंच चालतंय' हा आकडा म्हणजे वाट पाहण्यात गेलेला वेळ होता, आणि तो नेमका किती हे याच भागाकारातून निघाले.

यातून एक गोष्ट लगेच स्पष्ट होते. दोघांपैकी एक जण नेहमीच थांबलेला असणार, कारण दोघांचे वेळ अगदी सारखे येणे हा केवळ योगायोग ठरेल. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के असणे म्हणजे प्रोसेसर कार्डासाठी थांबतो आहे, आणि खेळांच्या बाबतीत ही स्थिती सहसा हवीहवीशी असते. कारण कार्डाचा वेळ सेटिंग बदलून आपल्याला हवा तसा कमी-जास्त करता येतो, तर प्रोसेसरच्या वेळेवर आपला ताबा फार थोडा असतो. या अडवणुकीलाच बॉटलनेक म्हणतात, आणि म्हणूनच 'बॉटलनेक अजिबात नको' ही मागणी मुळात चुकीची आहे.

आधी खोटे संशयित बाजूला काढावेत

कार्डाचा वापर कमी दिसला की थेट प्रोसेसरला दोष देऊ नये. खेळात किंवा ड्रायव्हरमध्ये फ्रेमरेटला मर्यादा घातलेली असेल, फ्रेमरेट मॉनिटरच्या गतीला बांधणारे व्ही-सिंक चालू असेल किंवा विंडोजमध्ये १४४ हर्ट्झचा मॉनिटर चुकून ६० वर ठेवलेला असेल, तर दोघेही आरामात बसलेले दिसतात. याची खूण अशी की फ्रेमरेट ६०, ७२ किंवा १४४ अशा नेमक्या आकड्यावर चिकटून राहतो. प्रोसेसर अडवत असेल तेव्हा तो असा स्थिर राहत नाही. गर्दीत घसरतो, भिंतीकडे तोंड केले की उसळतो.

दुसरी शंका उष्णतेची. आय५-९४००एफचा मूळ वेग २.९ गिगाहर्ट्झ असला, तरी सहाही कोअर कामाला लागल्यावर तो ३.९ पर्यंत जायला हवा. खेळ चालू असताना टास्क मॅनेजरच्या Performance पानावरील Speed हा आकडा पाहावा. तो ३ च्या आसपास रेंगाळत असेल, तर कूलरवरील धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा मदरबोर्डाने घातलेली वीजमर्यादा यांचा शोध आधी घ्यावा. भाच्याच्या यंत्रात तो ३.९ होता, म्हणून ही शंका तिथेच मिटली. केबल मदरबोर्डाला जोडली आहे का, हा नेहमीचा प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते, कारण या प्रोसेसरच्या नावातील 'एफ' म्हणजे त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. केबल चुकीच्या जागी असती तर पडदा काळाच राहिला असता.

खरी चाचणी: रेझोल्यूशन खाली आणणे

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारे रिव्हाट्यूनर वापरून पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमरेट, फ्रेमला लागणारा वेळ, कार्डाचा वापर आणि प्रत्येक कोअरचा वापर दिसेल अशी व्यवस्था केली. नंतर बाजारातील एक ठराविक वाट निवडली: एका कोपऱ्यावरून निघून गर्दीतून सरळ चालत दुसऱ्या टोकापर्यंत, साधारण एक मिनिट. हीच वाट दर वेळी चालायची, दिवसाची वेळही खेळात तीच ठेवायची. असे न केल्यास दोन मोजण्यांतील फरक सेटिंगमुळे पडला की गर्दीमुळे, हे कधीच कळत नाही. खेळासोबत येणारी स्वतःची चाचणी सोयीची असते खरी, पण आपल्याला त्रास जिथे होतो तिथेच मोजलेले बरे.

पहिली फेरी १०८० वर केली आणि सरासरी ५७ आली. दुसरी फेरी बाकी काहीही न बदलता ७२० वर केली. इतक्या कमी बिंदूंमुळे कार्डाचे काम अर्ध्याच्याही खाली येते, पण प्रोसेसरची यादी जवळपास तेवढीच राहते, कारण बाजारातील माणसे काही कमी झालेली नसतात. सरासरी आली ५८, आणि कार्डाचा वापर आणखी घसरला. म्हणजे निदान पक्के झाले. फ्रेमरेट ९० किंवा १०० वर उडी मारून गेला असता, तर अडवणारे कार्डच आहे असा उलट निष्कर्ष निघाला असता.

याच ठिकाणी नवशिक्यांची एक हमखास चूक होते. फ्रेमरेट कमी पडतो म्हणून ते डीएलएसएस चालू करतात, आणि फरक पडत नाही म्हणून गोंधळतात. डीएलएसएस कमी रेझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करते, म्हणजे आपल्या ७२० च्या चाचणीसारखेच कार्डाचे ओझे कमी करते. लाटणारा मागे पडला असताना तवा आणखी तापवण्यासारखे ते झाले. फ्रेम जनरेशनची गोष्ट वेगळी. त्यात मधल्या फ्रेम कार्ड स्वतःच तयार करते, त्यांसाठी प्रोसेसरला यादी करावी लागत नाही, त्यामुळे दिसणारा आकडा वाढतो आणि हालचाल गुळगुळीत भासते. मात्र माऊसला मिळणारा प्रतिसाद मूळच्या ५७ फ्रेमच्याच गतीने येतो, किंबहुना किंचित उशिराच. म्हणून मोजमाप करताना ते बंद ठेवावे.

एकूण टक्केवारीवर विश्वास का ठेवू नये, तेही सांगणे आवश्यक आहे. या खेळात सहाही कोअर नव्वदीच्या पुढे होते, त्यामुळे प्रोसेसर दमला आहे हे उघड दिसत होते. परंतु भाच्याने काउंटर-स्ट्राइक २ लावून दाखवले तेव्हा प्रोसेसरचा एकूण वापर निम्म्याच्या आसपास होता, आणि तरीही रेझोल्यूशन उतरवल्याने फ्रेमरेट हलत नव्हता. अनेक खेळांत एक मुख्य धागा, म्हणजे एकामागून एक करायच्या कामांची साखळी, असतो, ज्याचे काम इतर कोअरमध्ये वाटता येत नाही. सहा कोअरांपैकी एकच पूर्ण भरला, तर एकूण वापर जेमतेम १७ टक्के दिसेल. शिवाय विंडोज तो धागा एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहते, त्यामुळे कोअरनिहाय आलेखातही शंभर टक्के दिसेलच असे नाही. कार्डाचा वापर आणि रेझोल्यूशनची चाचणी हीच विश्वासार्ह साक्ष. प्रोसेसरची टक्केवारी फार तर दुय्यम पुरावा समजावी.

त्याच यंत्रात, त्याच सेटिंगवर, शहराबाहेरच्या ओसाड भागात गाडी नेल्यावर फ्रेमरेट ९५ झाला आणि कार्डाचा वापर ९७ टक्क्यांवर गेला. तिथे माणसे नाहीत, म्हणून यादी छोटी. दूरवरचा प्रकाश आणि धूळ मात्र कार्डालाच रंगवायची आहे. एकच जोडी बाजारात प्रोसेसरने अडते आणि वाळवंटात कार्डाने अडते. दोन सुट्या भागांची नावे टाकल्यावर 'इतके टक्के बॉटलनेक' असे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर माझा विश्वास नाही, त्याचे कारण हेच आहे. खेळ, त्यातील जागा, रेझोल्यूशन आणि आपल्याला हवा असलेला फ्रेमरेट हे धरल्याशिवाय त्या टक्क्याला काही अर्थच उरत नाही.

पैसे न घालता, आणि थोडे पैसे घालून

प्रथम रॅमकडे वळलो. टास्क मॅनेजरच्या Memory पानावर Slots used: 1 of 2 असे लिहिलेले होते. जुळणी करून देणाऱ्याने एकच पट्टी बसवली होती, आणि १६ जीबी हा आकडा पुरेसा वाटल्याने कोणी पुढे विचार केला नव्हता. प्रोसेसरला रॅमशी बोलायला दोन वाटा असतात. एका पट्टीने एकच उघडते. गर्दीच्या दृश्यात प्रोसेसर सतत स्मृतीतून माहिती ओढत असतो, आणि ती उशिरा आली की कोअर नुसता ताटकळतो, तरीही आलेखात तो कामात असल्यासारखाच दिसतो. तशीच आणखी एक पट्टी आणून बसवल्यावर बाजारातील सरासरी ५७ वरून ६५ वर गेली. त्याहूनही जाणवणारा फरक अडखळण्यात पडला: सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग ३४ च्या आसपास होता, तो ४६ झाला. सरासरीपेक्षा हा आकडा डोळ्यांना अधिक छळतो. ज्यांच्या मदरबोर्डावर चार खाचा आहेत त्यांनी दोन पट्ट्या लगतच्या खाचांत न घालता, प्रोसेसरकडून मोजल्यास सहसा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालाव्यात; पक्के उत्तर मदरबोर्डाच्या पुस्तिकेत असते. एक्सएमपी चालू करून वेग वाढवण्याचा उपाय इथे नव्हता, कारण एच३१० बोर्ड या प्रोसेसरसोबत २६६६ च्या पुढे जात नाही.

दुसरा उपाय खेळातील सेटिंगचा. सगळी सेटिंगे सरसकट कमी करणे हा इथे निष्फळ उद्योग आहे, कारण त्यांतील बहुतेक कार्डाचे काम घटवतात. प्रोसेसरचे ओझे कमी करणारी सेटिंगे मोजकी असतात: गर्दीची घनता, दूरवरच्या वस्तू किती अंतरापर्यंत दाखवायच्या, आणि रे ट्रेसिंग, तिसरे नाव अनेकांना अनपेक्षित वाटते, पण किरणांसाठी लागणारी दृश्याची रचना तयार ठेवण्याचे काम प्रोसेसरवरही पडते. या खेळात Crowd Density हे सेटिंग ग्राफिक्सच्या पानावर नसून Gameplay च्या पानावर आहे, म्हणून ते सहज नजरेआड होते. ते हायवरून मध्यमवर आणल्यावर सरासरी ७२ झाली. याउलट टेक्स्चर आणि सावल्यांची गुणवत्ता आम्ही वाढवली, आणि बाजारातला फ्रेमरेट तसूभरही घटला नाही. तवा रिकामा आहेच, तर पोळी खरपूस भाजून घ्यावी. फक्त कार्डाच्या ८ जीबी स्मृतीकडे लक्ष ठेवावे. ती भरून वाहू लागली की माहिती मदरबोर्डावरच्या मार्गाने ये-जा करते. आरटीएक्स ४०६० केवळ आठ पदरी जोडणी वापरते आणि हा बोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा आहे, त्यामुळे तो मार्ग अरुंद आहे. जीपीयू-झेडमध्ये Bus Interface समोर @ x8 3.0 दिसले म्हणजे सर्व ठीक. कार्ड रिकामे असताना तिथे 1.1 दिसते, त्याने घाबरू नये, शेजारचे प्रश्नचिन्ह दाबून कार्डाला काम द्यावे आणि मग वाचावे.

पुढची खरेदी कशी ठरवावी

आता प्रश्न राहिला तो प्रोसेसर बदलण्याचा, आणि नवीन जोडी घेणाऱ्यांनाही हाच प्रश्न असतो. उत्तर दोन छपरांच्या उंचीत आहे. प्रोसेसरचे छप्पर म्हणजे तो एका सेकंदात किती याद्या देऊ शकतो. ते ७२० च्या चाचणीतून कळले. कार्डाचे छप्पर म्हणजे ते किती फ्रेम रंगवू शकते. त्यासाठी इंटेलचे प्रेझेंटमॉन हे मोफत साधन वापरावे. त्यात GPU Busy नावाचा आकडा मिलिसेकंदांत मिळतो. बाजारात तो ९.५ होता, म्हणजे १००० भागिले ९.५, साधारण १०५ फ्रेम. हा अंदाज थोडा कमीच असतो, कारण काम कमी असताना कार्ड आपला वेगही उतरवते. तरी निर्णयाला तो पुरतो: हाय सेटिंगवर, याच जागी, १०५ च्या बऱ्याच पुढे जाणाऱ्या प्रोसेसरवर खर्च केलेला पैसा या कार्डासोबत वाया जाईल.

ज्यांच्या हातात अजून काहीच नाही, त्यांना हीच दोन छपरे परीक्षणांत वाचता येतात. प्रोसेसरची परीक्षणे सर्वांत महागडे कार्ड लावून, कमी रेझोल्यूशनवर घेतलेली असतात. ते फसवण्यासाठी नव्हे, तर कार्ड मध्ये येऊ नये म्हणून. कार्डाची परीक्षणे तशीच सर्वांत वेगवान प्रोसेसर लावून केलेली असतात. आपल्या खेळासाठी दोन्हींतील आकडे घ्यावेत आणि त्यांतील लहान आकडा आपला समजावा. समजा प्रोसेसरच्या परीक्षणात ९० आहे, आणि कार्डाच्या परीक्षणात १०८० वर १२० तर १४४० वर ७५ आहे. मग १०८० च्या मॉनिटरवर ९० मिळतील आणि कार्ड काही काळ मोकळे राहील. १४४० च्या मॉनिटरवर ७५ मिळतील आणि तीच जोडी व्यवस्थित बसेल. मात्र सेटिंग दोन्हीकडे सारखे आहे की नाही ते पाहावे, आणि रॅमही आपल्याइतकीच वेगवान आहे का तेही. रे ट्रेसिंग चालू आणि बंद असलेले आकडे एकत्र केल्यास गणित कोलमडते.

भाच्यापुढे दोन मार्ग होते. त्याच बोर्डावर वापरलेला आय७-८७०० बसवता आला असता; कोअर सहाच, पण धागे बारा. मात्र स्वस्त बोर्डाचा वीजपुरवठा त्या भाराखाली तापण्याची शक्यता होती, आणि जुन्या प्रोसेसरची किंमतही मला पटणारी नव्हती. दुसरा मार्ग एएमडीचा रायझेन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड. यात दोन्ही डीडीआर४ पट्ट्या तशाच पुढे नेता येतात. त्याने दुसरा मार्ग घेतला. गर्दीची घनता पुन्हा हायवर नेऊन तीच वाट चालल्यावर सरासरी ८५ आली, म्हणजे फ्रेममागे ११.८ मिलिसेकंद, आणि कार्डाचा वापर ८० टक्क्यांवर गेला. उरलेली जागा त्याने सेटिंगे अल्ट्रावर नेऊन भरली. फ्रेमरेट ८४ वर राहिला आणि कार्डाचा वापर ९६ टक्के झाला. नंतर जुन्याच हाय सेटिंगवर तो शहराबाहेरच्या ओसाड रस्त्यावर गाडी घेऊन गेला. तिथे पूर्वी ९५ मिळत होते, आताही ९५ च मिळाले.